‘मी आपली चाललेय घरी, इतक्यात एक माणूस येतो…’: झालेली गोष्ट आपण वर्तमानकाळात का सांगतो, आणि लिहिताना तिचं काय करायचं?

मैत्रिणीचा व्हॉइस मेसेज येतो. परवाची गोष्ट, म्हणजे होऊन गेलेली. पण ती ऐकताना एक गंमत लक्षात येते. सुरुवात होते ‘निघाले’, ‘वाजले होते’ अशी, मधेच सगळं ‘येतो’, ‘म्हणतो’, ‘धरते’ असं होतं आणि शेवटी पुन्हा ‘होता’, ‘झालं’ सुरू होतं. ऐकताना काहीच खटकत नाही. पण तोच किस्सा कोणी टाइप करून द्यायला सांगितला, बातमीसाठी, तक्रार अर्जासाठी किंवा पोस्टसाठी, की पहिला प्रश्न पडतो: हे काळ असे का उड्या मारतायत? दुरुस्त करायचे की तसेच ठेवायचे?

व्याकरणात याला ऐतिहासिक वर्तमानकाळ म्हणतात. नावातल्या ‘ऐतिहासिक’ या शब्दामुळे ‘महाराज गडावर पोहोचतात, दरवाजे बंद होतात’ अशी इतिहासाच्या पुस्तकातली वाक्यं डोळ्यांसमोर येतात. तीही याच प्रकारची आहेत. पण रोजच्या बोलण्यात हा काळ सगळ्यात जास्त सापडतो तो विनोदांत आणि किश्शांत. मराठीत ‘तर मी आपला चाललोय’ असतं, इंग्रजीत ‘सो आय’म वॉकिंग होम, अँड धिस मॅन कम्स अप’ असतं. भाषा वेगळ्या, युक्ती एकच.

ही चूक आहे का?

नाही. अमेरिकेतल्या भाषाशास्त्रज्ञ नेसा वुल्फसन यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी लोकांच्या गप्पांमधल्या किश्शांचा अभ्यास केला. तोवरचं सर्वसाधारण स्पष्टीकरण सोपं होतं: वर्तमानकाळ वापरला की गोष्ट डोळ्यांसमोर घडल्यासारखी वाटते, म्हणून वापरतात. वुल्फसन यांचं म्हणणं जरा वेगळं होतं. त्यांच्या मते जादू वर्तमानकाळात नसून काळ बदलण्यात आहे. सांगणारा भूतकाळातून वर्तमानकाळात जातो किंवा परत येतो, तेव्हा तो ऐकणाऱ्याला खूण करत असतो, की इथे एक घटना संपली आणि दुसरी सुरू झाली.

१९८१ मध्ये डेबोरा शिफ्रिन यांनी ‘लँग्वेज’ या नियतकालिकात यावर पुढचं काम मांडलं. विल्यम लबाव आणि जोशुआ वालेट्स्की यांनी १९६७ मध्ये किश्शाचे भाग कसे पडतात ते दाखवलं होतं: आधी स्थळकाळाची ओळख, मग घटनांची साखळी, मग उकल. शिफ्रिन यांना दिसलं की हा वर्तमानकाळ गोष्टभर विखुरलेला नसतो. तो घटनांच्या साखळीत, म्हणजे गोष्टीच्या पोटात, गोळा झालेला असतो. कधी, कुठे, कोण हे सांगताना माणूस भूतकाळात असतो आणि शेवटचा निष्कर्ष सांगतानाही तिथेच परततो. याचा अर्थ काळाची ती उडी गोंधळातून आलेली नसते. तिला जागा ठरलेली असते.

हे निष्कर्ष इंग्रजी गप्पांवरून काढलेले आहेत. पण तुमच्याच फोनमधला एखादा लांब व्हॉइस मेसेज या दृष्टीने ऐकून पाहा. मराठीतही चित्र बरंचसं असंच दिसतं.

विनोद आणि किस्सा सारखे नाहीत

‘बंड्या बँकेत जातो. कॅशियर म्हणतो, सही जुळत नाही. बंड्या म्हणतो, साहेब, मागच्या वेळी पेन तुमचं होतं.’ या विनोदात पहिल्यापासून शेवटपर्यंत वर्तमानकाळ आहे. उडी नाहीच. कारण बंड्या कधीही, कुठल्याही बँकेत गेलेला नाही, हे सांगणाऱ्यालाही माहीत आहे आणि ऐकणाऱ्यालाही. सिनेमाची कथा सांगतानाही आपण असंच करतो: नायक गावी येतो, जमीन गेलेली असते. हा विनोद भूतकाळात लिहायचा झाला तर सरसकट बदलता येतो. ‘बंड्या बँकेत गेला, कॅशियर म्हणाला…’ काही बिघडत नाही. फक्त दोघांच्या तोंडची वाक्यं जशीच्या तशी राहतात.

किश्शाचं तसं नाही. तो खरोखर एका दिवशी, एका माणसाच्या बाबतीत घडलेला असतो आणि सगळी अडचण तिथूनच सुरू होते.

एक किस्सा, शब्दशः

हा नमुना मी याच कामासाठी रचला आहे. सांगणारी एक नोकरदार मुलगी आहे असं समजा:

‘परवा काय झालं माहितीये? मी ऑफिसमधून निघाले उशिरा. साडेनऊ वाजले होते. तर मी आपली चाललेय घरी, रस्त्यावर कोणी नाही, आमच्या गल्लीत दिवे पण बंद असतात. इतक्यात एक माणूस मागून येतो, म्हणतो, “मॅडम, थांबा.” मी कसली थांबतेय! मी पर्स घट्ट धरते आणि भराभर चालायला लागते. तर तो पण भराभर चालायला लागतो. मला वाटतं, हा चोर आहे. मी मागे वळते, बघते तर काय, त्याच्या हातात माझा डबा! रिक्षात विसरले होते. तो रिक्षावालाच होता. इतकं ओशाळल्यासारखं झालं ना मला. अजून आठवलं की हसू येतं.’

आता हाच मजकूर भूतकाळात लिहायचा आहे. वर्तमानकाळी क्रियापदं शोधून एकेकाला भूतकाळ लावत सुटलं, तर चार-पाच ठिकाणी घसरगुंडी होते. कारण वरच्या उताऱ्यात वर्तमानकाळाची रूपं बरीच असली, तरी ती सगळी एकाच कामाची नाहीत.

‘येतो’, ‘म्हणतो’, ‘धरते’, ‘लागते’, ‘लागतो’, ‘वाटतं’, ‘वळते’ या घटना आहेत. एकामागून एक घडलेल्या. त्या साध्या भूतकाळात जातात: आला, म्हणाला, धरली, लागले, लागला, वाटलं, वळले.

‘चाललेय’ ही घटना नव्हे, ती पार्श्वभूमी आहे. तो माणूस आला तेव्हा चालणं सुरूच होतं. तिथे ‘मी घरी चालले’ असं लिहिलं तर ती आणखी एक घटना होऊन बसते, आणि वाचणाऱ्याला वाटतं की चालणं संपल्यावर माणूस आला. म्हणून ‘चालले होते’. त्याचप्रमाणे ‘रस्त्यावर कोणी नाही’ याचं ‘कोणी नव्हतं’ होतं.

‘आमच्या गल्लीत दिवे बंद असतात’ हे मात्र त्या रात्रीपुरतं विधान नाही. ती नेहमीची परिस्थिती आहे आणि बहुधा आजही तशीच आहे. हे वाक्य भूतकाळी किश्शातही वर्तमानातच राहू शकतं. ‘असायचे’ केलं तर आता दिवे लागले असा अर्थ निघेल, आणि ते सांगणारी बोललेलीच नाही. ‘हसू येतं’ हेही आजचं आहे. ‘हसू आलं’ केलं की अर्थ बदलतो.

‘मी कसली थांबतेय!’ या वाक्यातला वर्तमानकाळ तर काळाचा नाहीच. ‘मी थांबणं शक्यच नव्हतं’ हे ठसक्यात सांगायची ती मराठी लकब आहे. तसंच ‘बघते तर काय’. हा गोठलेला वाक्प्रचार आहे. आजूबाजूचं सगळं भूतकाळात असलं तरी तो वर्तमानातच चालतो: ‘दार उघडलं, बघतो तर काय, घरभर पाणी!’ त्याचं ‘बघितलं तर काय’ केलं की वाक्यातली हवाच जाते.

राहिलं ‘रिक्षात विसरले होते’. डबा विसरणं हे गोष्टीच्या आधी घडलं होतं, आणि ते ‘होते’ हीच तेवढी एक खूण आहे. सगळं एका काळात आणायच्या भरात त्याचं ‘रिक्षात विसरले’ केलं, तर वाचणाऱ्याचा क्षणभर गोंधळ होतो: डबा त्याच्या हातात दिसला आणि मग ती तो रिक्षात विसरली?

सगळं जमवल्यावर उतारा असा होतो:

‘परवा मी ऑफिसमधून उशिरा निघाले. साडेनऊ वाजले होते. मी घरी चालले होते, रस्त्यावर कोणी नव्हतं, आमच्या गल्लीत दिवेही बंद असतात. इतक्यात एक माणूस मागून आला आणि म्हणाला, “मॅडम, थांबा.” मी कसली थांबतेय! मी पर्स घट्ट धरली आणि भराभर चालायला लागले. तोही भराभर चालायला लागला. मला वाटलं, हा चोर आहे. मी मागे वळले, बघते तर काय, त्याच्या हातात माझा डबा! मी तो रिक्षात विसरले होते. तो रिक्षावालाच होता. मला फार ओशाळल्यासारखं झालं. अजून आठवलं की हसू येतं.’

मराठीत एक जास्तीची कसरत: ‘ने’

इंग्रजीत ‘कम्स’चं ‘केम’ केलं की काम संपतं. मराठीत काळ बदलला की कधी कधी अख्ख्या वाक्याची घडी बदलते. ‘तो पर्स उघडतो’ याचा भूतकाळ ‘त्याने पर्स उघडली’. कर्त्याला ‘ने’ लागला आणि क्रियापदाने ‘तो’ला सोडून ‘पर्स’चा हात धरला. पर्सच्या जागी डबा असता तर ‘उघडला’, पाकीट असतं तर ‘उघडलं’.

‘मी’ला हा ‘ने’ दिसत नाही, पण बदल होतोच. ‘मी पर्स धरते’ या वाक्यात बोलणारी बाई आहे हे कळतं. ‘मी पर्स धरली’ मध्ये ते कळत नाही, कारण ‘धरली’तला स्त्रीलिंगी प्रत्यय पर्सचा आहे. पुरुषानेही अगदी हेच वाक्य म्हटलं असतं. छोट्या उताऱ्यात निवेदकाचं लिंग कळवणारी वाक्यं दोन-तीनच असतील आणि ती सगळी अशी ‘धरली, पाहिलं, विचारलं’ झाली, तर गोष्ट बाईची की पुरुषाची हा धागा हरवतो. वरच्या किश्शात ‘निघाले’, ‘चालले’, ‘वळले’ आहेत म्हणून वाचलो. रात्री एकटी चालणारी मुलगी आणि एकटा चालणारा मुलगा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वेगळं सांगायला नको.

आणि सगळ्या सकर्मक क्रियापदांना ‘ने’ लागतो असंही नाही. ‘म्हणणे’ आणि ‘विसरणे’ यांना लागत नाही. तो म्हणाला, ती डबा विसरली. पण ‘सांगितलं’, ‘विचारलं’ला लागतो. किश्शांमध्ये ‘म्हणतो’ आणि ‘विचारतो’ हातात हात घालून येतात, म्हणून ‘तो विचारला’ किंवा ‘त्याने म्हणाला’ अशी वाक्यं घाईत लिहिलेल्या पोस्टमध्ये दिसतात.

‘हा चोर आहे’ की ‘हा चोर होता’?

वरच्या उताऱ्यात ‘मला वाटतं’चं ‘मला वाटलं’ झालं, पण ‘हा चोर आहे’ तसंच राहिलं. हे विसरून राहिलेलं नाही. मराठीत मनातला विचार किंवा दुसऱ्याचं बोलणं त्या क्षणाच्या काळातच ठेवतात. ‘मला वाटलं, हा चोर होता’ असं लिहिलं तर अर्थ घसरतो. जणू तो पूर्वी कधीतरी चोर होता!

इंग्रजीत नेमकं उलटं आहे. तिथे ‘आय थिंक ही इज अ थीफ’ भूतकाळात नेताना ‘आय थॉट ही वॉज अ थीफ’ असं दोन्हीकडे बदलावं लागतं. त्यामुळे मराठीतून इंग्रजीत लिहिणारे ‘आय थॉट ही इज अ थीफ’ लिहितात, आणि इंग्रजीतून मराठी करणारे ‘त्याला वाटलं की ती आजारी होती’ असं लिहून जातात. दुसरी चूक बातम्यांत आणि डबिंगमध्ये इतकी रुळली आहे की अनेकांना ती आता चूक वाटतही नाही. मला अजून वाटते.

इंग्रजी किस्सा मराठीत आणताना आणखी एक अडचण येते: ‘धिस मॅन’. एलन प्रिन्स या भाषाशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये इंग्रजी गप्पांतल्या या ‘धिस’वर लिहिलं होतं. तो माणूस समोर नाही, आधी त्याचा उल्लेखही झालेला नाही, तरी ‘धिस’ येतं. त्याचा अर्थ ‘हा’ असा नसतो, तर ‘एक माणूस, ज्याच्याबद्दल मी आता पुढे सांगणार आहे’ असा असतो. मराठीत तिथे ‘हा माणूस येतो’ लिहिलं, तर वाचणारा विचारतो, हा म्हणजे कोण? म्हणून ‘एक माणूस’ किंवा ‘एक जण’.

एकदाच घडलं की नेहमी घडतं?

आतापर्यंत शैलीचा आणि शुद्धतेचा मामला होता. हा मुद्दा त्याहून गंभीर आहे.

मराठीत ‘तो अडवतो’ या एकाच रूपाचे दोन अर्थ होतात: त्या वेळी त्याने अडवलं, किंवा तो नेहमी अडवतो. किस्सा ऐकताना कुठला अर्थ घ्यायचा ते आवाजावरून, हातवाऱ्यांवरून आणि आधीच्या ‘परवा’वरून कळतं. कागदावर यातलं बरंच गळून जातं.

समजा, एका सोसायटीतली बाई कमिटीला सांगते: ‘रविवारी मी गेटवर येते, वॉचमन मला अडवतो, आवाज चढवतो, म्हणतो ओळखपत्र दाखवा.’ ऐकणारा सेक्रेटरी मिनिट्समध्ये लिहितो: ‘वॉचमन महिलांना गेटवर अडवतो व आवाज चढवतो.’ त्याने शब्द जवळपास तेच ठेवले. पण ‘रविवारी’ गेलं, ‘मला’चं ‘महिलांना’ झालं, आणि एका दिवसाचा प्रसंग माणसाचा स्वभाव बनला. पुढच्या मीटिंगमध्ये ज्यांनी मूळ बोलणं ऐकलेलं नाही, ते हे वाक्य वाचून त्याच्या नोकरीचा निर्णय घेणार. ‘वॉचमनने रविवारी त्यांना गेटवर अडवलं व आवाज चढवला’ हे लिहायला तीन सेकंद जास्त लागले असते.

उलटही होतं. बाई खरोखर रोजचा त्रास सांगत असते, ‘हा मला अडवतो, आवाज चढवतो’, आणि लिहिणारा सगळं भूतकाळात नेतो: अडवलं, चढवला. महिनोन्‌महिन्यांचा त्रास एका दिवसाचा होतो.

ओळखायचं कसं? वाक्याच्या आधी मनात ‘त्या वेळी’ लावून पाहा, मग ‘दर वेळी’ लावून पाहा. दोन्ही बसत असतील तर लिहिण्याआधी विचारा. दुसरी खूण ‘आहे’ आणि ‘असतो’ची. ‘गेटवर कोणी नाहीये’ म्हटलं तर ते त्या क्षणाचं. ‘गेटवर कोणी नसतं’ म्हटलं तर बहुधा नेहमीचं. पण या खुणेवर पूर्ण विसंबू नका. ‘मी दार उघडतो, तर समोर पोलीस उभा असतो’ या वाक्यातला ‘असतो’ एकाच क्षणाचा आहे. विनोदांत आणि सिनेमाच्या कथांमध्ये तर असा ‘असतो’ सर्रास येतो. ‘रोज’, ‘कधीही’, ‘बघावं तेव्हा’ असे शब्द जवळपास असतील तर निर्णय सोपा. ‘परवा’, ‘इतक्यात’, ‘मग’, ‘तेवढ्यात’ असतील तर एकाच प्रसंगाकडे कल जास्त.

मग वर्तमानकाळ ठेवायचाच नाही का?

ठेवायचा, जिथे त्या माणसाचा आवाज हवा आहे तिथे. मुलाखतीत, किस्सा सांगणाऱ्या पोस्टमध्ये, व्हिडिओच्या सबटायटल्समध्ये ती उडी तशीच राहू द्यावी. फक्त सुरुवातीला ‘परवा’ किंवा ‘२०१९ मध्ये’ असा खुंटा ठोकलेला असावा, आणि उडी घटनांच्या साखळीत असावी. उडी एकाच वाक्याच्या मधे आली, ‘तो आला आणि म्हणतो’, तर तीही बोलण्यातली आहे आणि चालते. पण लागोपाठ पाच वाक्यांत पाच वेळा काळ बदलला तर तो लिहिणाऱ्याचा गोंधळ वाटतो, कारण आता त्या बदलातून कुठलीच खूण मिळत नाही.

अवतरणचिन्हांचा नियम मात्र कडक आहे. चिन्हांच्या आत काळ बदलायचा नाही. ती ‘तो येतो आणि म्हणतो’ असं बोलली असेल, तर चिन्हांत तेच. भूतकाळ हवा असेल तर चिन्हं काढून स्वतःच्या वाक्यात सांगा: त्या म्हणाल्या की एक माणूस मागून आला. शाळेच्या ‘काळ बदला’ प्रकारच्या प्रश्नात मात्र पर्याय नसतो. तिथे सांगितलेला काळ लावायचाच, पण अवतरणातलं बोलणं, आजही खरी असलेली विधानं आणि ‘बघतो तर काय’ सोडून.